सील शाबूत, तरी बाटली जुनी? फोटोवरून पाण्याची बाटली कशी ओळखायची

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातल्या अडखळणाऱ्या जागा काढल्यात, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

रिठदहून बोलतोय. रिसोड तालुका, जिल्हा वाशिम. आजचा विषय तुमच्या हातात रोज असतो. एक लिटरची पाण्याची बाटली. आपल्याकडे तिला कंपनी कुठलीही असो, ‘बिसलेरी’च म्हणतात. दुकानात जाऊन “एक बिसलेरी दे भाऊ” म्हणायचं आणि जे हातात येईल ते प्यायचं.

या उन्हाळ्यात, लग्नसराईत, गावातल्या एका ग्रुपवर दोन बाटल्यांचे फोटो फिरले. एक नामांकित कंपनीची, लग्नाला आणलेल्या खोक्यातली. दुसरी इकडच्याच एका छोट्या प्लांटची, लेबल वाकडं लागलेली. ग्रुपवर तासाभरात निकाल लागला: पहिली अस्सल, दुसरी डुप्लिकेट. कुणी तर प्लांटवाल्याचं नाव टाकून “याच्याकडून पाणी घेऊ नका” असंही लिहिलं. मी फोटो मागवून नीट पाहिले तेव्हा प्रकरण जवळपास उलटं निघालं. ते कसं, हेच आज सांगतो. कंपन्यांची आणि माणसांची नावं घेणार नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. झाकणाची रिंग, बाटलीवरच्या साच्याच्या रेषा आणि लेबलचा गोंद या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. रिंग सांगते, *हे झाकण* आधी उघडलंय का. रेषा सांगतात, *ही बाटली* कशी घडली. गोंद सांगतो, *हे लेबल* कसं चिकटवलं. आत जे पाणी आहे त्याबद्दल तिघांपैकी कुणीच थेट बोलत नाही. ग्रुपवरचा गोंधळ इथूनच झाला होता. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटवलं होतं.

आधी फोटो

मला आलेला पहिला फोटो अख्ख्या बाटलीचा होता, तोही व्हॉट्सॲपवर दोनदा फॉरवर्ड झालेला. त्यावरून “सील शाबूत आहे” असं लोक म्हणत होते. आता हिशोब बघा. व्हॉट्सॲप साध्या सेटिंगमध्ये फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. एक लिटरची बाटली उंचीला साधारण २७ सेंटिमीटर, म्हणजे २७० मिलिमीटर. बाटलीने पूर्ण फोटो भरला तरी एका मिलिमीटरला जेमतेम सहा पिक्सेल मिळतात. झाकण आणि रिंग यांना जोडणारा प्लॅस्टिकचा बारीक टाका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे तीन पिक्सेल. त्यात फोटो दाबून लहान करताना हे तीन पिक्सेल शेजारच्यांत मिसळून जातात. तुटलेला टाका आणि शाबूत टाका, दोन्ही सारखेच दिसतात.

आता फक्त मान आणि झाकण घ्या, फोटोत सहा सेंटिमीटरचाच भाग बसवा. मग त्याच १६०० पिक्सेलमध्ये एका टाक्याला तेरा पिक्सेल मिळतात. तेवढ्यात टाका दिसतो. म्हणून जवळून फोटो काढायचा आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, म्हणजे तो दाबला जात नाही. झाकणाचे चारही बाजूंनी फोटो हवेत, कारण रिंगच्या एका बाजूचा फोटो दुसऱ्या बाजूबद्दल काही सांगत नाही. फ्लॅश बंद ठेवा. खिडकीजवळ बाटली धरा, उजेड बाजूने येऊ द्या. फ्लॅशने प्लॅस्टिक चमकतं आणि ओरखडे, रेषा सगळं पुसून जातं.

मी मित्राला हे सांगितलं. त्याने दोन्ही बाटल्यांचे नवे फोटो पाठवले. शिवाय पहिल्या बाटलीच्या खोक्यातल्या बाकीच्या बाटल्यांचेही.

रिंग काय बोलते

झाकण आणि त्याखालची रिंग हा एकच तुकडा असतो, बारीक टाक्यांनी जोडलेला. कारखान्यात झाकण दाबून फिरवलं की रिंग मानेवरच्या एका उंचवट्याखाली जाऊन अडकते. आपण झाकण उघडतो तेव्हा झाकण वर चढतं, रिंग अडकून राहते आणि टाके तुटतात. तो ‘कट-कट’ आवाज म्हणजे टाके तुटण्याचा आवाज.

उघडलेलं झाकण परत घट्ट लावलं तर फोटोत काय दिसतं? टाका तुटला की त्याचं अर्धं बोंड झाकणाच्या काठाला राहतं आणि अर्धं रिंगला. रिंग आता मोकळी झालेली असते, मानेवर फिरते. त्यामुळे झाकण परत लावल्यावर वरची बोंडं आणि खालची बोंडं समोरासमोर येत नाहीत. शिवाय रिंग खाली घसरून मानेच्या जाड कड्यावर बसते, एका बाजूला फट जास्त, एका बाजूला कमी. शंका असेल तर फोटोऐवजी दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवा: नखाने फक्त रिंग ढकला. सील शाबूत असेल तर रिंग झाकणाला धरून राहते. तुटलेलं असेल तर एकटीच फिरते.

एखादा टाका तुटलेला दिसला म्हणून लगेच ओरडू नका. मशीनने झाकण जास्त जोरात आवळलं तर एखाद-दुसरा टाका कारखान्यातच तुटतो. सगळे तुटलेले असले तर गोष्ट वेगळी.

आता पहिल्या बाटलीकडे या. रिंग चारही बाजूंनी शाबूत. टाके सगळे जागेवर, फट सारखी. ग्रुप इथेच थांबला होता. पण रिंगने काय सांगितलं? एवढंच, की *हे झाकण* बसवल्यापासून उघडलेलं नाही. ते झाकण या बाटलीवर पहिल्यांदाच बसलंय की दुसऱ्यांदा, हे रिंगला माहीत नसतं. नवी झाकणं छोट्या प्लांटना लागतात, म्हणून ती बाजारात सुटी विकत मिळतात. ज्याला जुनी बाटली भरायची आहे, तो जुनं झाकण कशाला वापरेल?

म्हणून नजर झाकणाखाली न्यायची. जुनी बाटली उघडली तेव्हा तिची जुनी रिंग मानेवर राहिलेली असते. नवं झाकण बसवायचं तर ती आधी काढावी लागते, आणि घट्ट बसलेली रिंग बहुतेक वेळा ब्लेडने कापूनच निघते. ब्लेड खालच्या प्लॅस्टिकला लागतं. मित्राने पाठवलेल्या खोक्याच्या फोटोंत दोन बाटल्यांच्या मानेवर, रिंगच्या बरोबर खाली, एक बारीक उभी चीर दिसत होती. दोन्हींवर जवळपास सारख्याच जागी. वाहतुकीत पडलेला ओरखडा असा एकाच जागी, सरळ आणि उभा येत नाही. तो खांद्यावर येतो, पोटावर येतो, आणि पसरट असतो.

साच्याच्या रेषा

दुसऱ्या बाटलीवर, म्हणजे वाकड्या लेबलवालीवर, मुख्य आरोप हा होता: “अंगावर उभी रेषा आहे, गळ्यावरची रेषा आणि अंगावरची रेषा जुळत नाही, म्हणजे डुप्लिकेट.”

बाटली कशी बनते ते कळलं की हा आरोप आपोआप गळून पडतो. बाटलीचं पहिलं रूप म्हणजे प्रीफॉर्म. बोटाएवढी जाड नळी, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीसारखी दिसणारी. तिच्यावर मान आणि आटे आधीच तयार असतात. ही नळी गरम करतात, साच्यात धरतात, आतून दांडी घालून लांब ओढतात आणि जोरदार हवा भरून फुगवतात. फुगवताना फक्त अंग फुगतं. मान जशी होती तशीच राहते.

म्हणजे मानेवरची रेषा एका साच्याची, जिथे प्रीफॉर्म बनला. अंगावरची रेषा दुसऱ्या साच्याची, जिथे ती फुगवली. आणि प्रीफॉर्म गरम करताना सगळीकडून सारखा तापावा म्हणून तो स्वतःभोवती फिरत असतो. साध्या गोल बाटलीत तो कुठल्या कोनात साच्यात जाईल याला काही बंधन नसतं. त्यामुळे मानेची रेषा आणि अंगाची रेषा जुळली तर तो योगायोग, नाही जुळली तर ती नेहमीची गोष्ट. सगळ्यात महागड्या कंपनीची बाटली आत्ता हातात घेऊन बघा.

अंगावरची उभी रेषासुद्धा प्रत्येक बाटलीवर असते, समोरासमोर दोन. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे ती उमटते. तळाचा भाग बहुतेक साच्यांत वेगळा असतो, म्हणून तळाजवळ गोल रेषा येते. आणि तळाच्या अगदी मध्यात एक टोचल्यासारखा ठिपका असतो. तिथून प्रीफॉर्मच्या साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक शिरलेलं असतं. यातलं काहीही खोटेपणाची खूण नाही.

मग रेषेतून काही कळतं का? कळतं, पण मर्यादित. रेषा नखाला लागण्याइतकी जाड असेल तर साचा झिजलेला आहे किंवा नीट मिटत नाही. बाटलीवरच्या कड्या आणि उठावाची अक्षरं बोथट असतील तर हवेचा दाब कमी पडला. अंगावर दुधी, मोत्यासारखी झाक असेल तर प्रीफॉर्म पुरेसा तापला नव्हता आणि थंडच ताणला गेला. ही सगळी जुन्या किंवा छोट्या मशीनची लक्षणं आहेत. छोट्या प्लांटची बाटली तशी असणारच. त्या लक्षणांना अर्थ तेव्हा येतो, जेव्हा लेबल मोठ्या कंपनीचं असतं आणि बाटली तिच्या नेहमीच्या बाटलीसारखी नसते. म्हणून एकट्या फोटोवरून नाही, तर त्याच कंपनीची, त्याच मापाची, खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेली बाटली शेजारी ठेवून बघायचं. कड्यांची संख्या मोजा, खांद्याचा उतार बघा, तळाची नक्षी बघा.

पहिल्या बाटलीच्या बाबतीत हे सगळं जुळत होतं. असणारच. बाटली खरोखर त्या कंपनीचीच होती, प्रश्न ती कितव्यांदा भरली याचा होता. तळावरचा साच्याचा आकडा खोक्यातल्या बाटल्यांवर वेगवेगळा होता, तेही ठीकच. एका मशीनमध्ये अनेक साचे असतात, प्रत्येकाला आपला आकडा. पण तळाच्या कडेला आणि खांद्याच्या फुगीर भागावर पांढरट घासल्याचा पट्टा होता, काही बाटल्यांवर जास्त, काहींवर अजिबात नाही. एकाच खोक्यात बसून एकाच गाडीने आलेल्या बाटल्या साधारण सारख्याच घासल्या जातात. हा फरक मी वहीत लिहून ठेवला, पण त्यावर निकाल दिला नाही.

लेबलचा गोंद

आता आपल्या पाण्याच्या बाटलीवर बहुतेक वेळा प्लॅस्टिकचं लेबल असतं, बाटलीभोवती पट्ट्यासारखं गुंडाळलेलं. मोठ्या प्लांटमध्ये त्याला पूर्ण गोंद लावत नाहीत. गरम करून वितळवलेल्या गोंदाच्या दोनच उभ्या पट्ट्या असतात. पहिली लेबलची सुरुवात बाटलीला धरते. दुसरी लेबलचा शेवट त्याच्याच सुरुवातीवर चिकटवते. मधलं लेबल नुसतं गुंडाळलेलं असतं. म्हणून लेबल बोटाने थोडं सरकल्यासारखं वाटतं, ते चुकीचं नाही.

फोटोत हे बघायला बाटली उजेडासमोर धरा आणि लेबलच्या जोडाच्या मागून, पाण्यातून आरपार फोटो घ्या. पाणी भिंगासारखं काम करतं, गोंदाची पट्टी मोठी दिसते. मशीनची पट्टी सरळ, एकसारख्या रुंदीची असते. त्या पट्टीच्या बाजूला जुन्या गोंदाचा दुसरा डाग, फाटलेल्या लेबलचा तुकडा किंवा धूळ चिकटलेली जागा दिसली, तर आधी दुसरं लेबल होतं अशी दाट शंका घ्यायला जागा आहे. लेबल बदलण्याचा धंदा वेगळा आणि बाटली पुन्हा भरण्याचा वेगळा. पुन्हा भरणारा कंपनीचं मूळ लेबल कशाला काढेल? तेच तर त्याला हवं असतं.

दुसऱ्या बाटलीचं लेबल तिरकं होतं आणि गोंद कडेने बाहेर आला होता. पण पट्टी एकच होती, खाली जुना डाग नव्हता. छोट्या प्लांटमध्ये लेबल हाताने किंवा हाताने फिरवायच्या साध्या मशीनवर लावतात, तिथे असं होतं. शिवाय आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन आणि मग बर्फाच्या टबातलं थंड पाणी. वितळून लावलेला गोंद उन्हात मऊ पडतो, पाण्यात सुटतो. लेबल वाकडं म्हणून पाणी खोटं, असा हिशोब लागत नाही.

निकाल कशाने लागला

मंडळी, शेवटी निकाल या तिघांपैकी कुणी दिला नाही. तो दिला तारखेने.

बाटलीच्या मानेजवळ किंवा खांद्यावर ठिपक्या-ठिपक्यांची शाई असते. बॅच नंबर, तारीख, किंमत. खोकं कारखान्यात भरतं तेव्हा एकामागून एक आलेल्या बाटल्या त्यात जातात. म्हणून बारा बाटल्यांची तारीख आणि बॅच एकच असायला हवी. मित्राने बाराही बाटल्यांच्या तारखांचे फोटो पाठवले. तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या तारखा निघाल्या. दोन बाटल्यांवर तारखेच्या जागी नुसता मळकट, खरखरीत डाग होता, शाई पुसल्यासारखा. आणि पाण्याची पातळी बाटल्या-बाटल्यांत बोटभर खाली-वर होती. मशीन असं भरत नाही.

आता सगळं जोडून बघा. रिंग शाबूत, म्हणजे झाकण नवं. साचा खरा, म्हणजे बाटली कंपनीची. लेबल मूळ. मानेवर ब्लेडची चीर, तारखा तीन महिन्यांच्या, पातळी वेगवेगळी. याचा एकच सरळ अर्थ लागतो: बाटल्या गोळा केल्या, भरल्या, नवी झाकणं लावली, खोक्यात भरल्या. सगळ्यात सुंदर दिसणारी खूण, शाबूत सील, तीच सगळ्यात कमी कामाची निघाली.

आणि दुसरी बाटली? तिच्यावर आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल नंबर होता आणि चौदा आकडी एफएसएसएआय नंबर. पहिला ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, दुसरा foscos.fssai.gov.in वर. दोन्हीकडे प्लांटचं नाव आणि पत्ता लेबलशी जुळला. महाराष्ट्रात राज्याकडून मिळालेला परवाना ११५ ने सुरू होतो, केंद्राचा १०० ने. तोही जुळला. बाटल्यांच्या तारखा एकच. वाकड्या लेबलपलीकडे तिच्याविरुद्ध काही नव्हतं.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यासाठी आयएसआय चिन्हाची सक्ती काढली गेली आणि पुढच्याच महिन्यात हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांत टाकलं गेलं. म्हणून चिन्ह नाही एवढ्यावरून आता बाटली खोटी ठरत नाही. एफएसएसएआय नंबर मात्र असलाच पाहिजे. दुसरं, नंबर खरा निघाला म्हणजे कंपनी खरी. पुन्हा भरलेल्या बाटलीवरही नंबर खराच असतो. पहिल्या बाटलीचाही खरा होता.

पुढे काय केलं

मित्राला सांगितलं, राहिलेल्या बाटल्या उघडू नको, फेकू नको. खोकं आणि बिल सांभाळ. उघडलेली बाटली तपासणीत फारशी उपयोगी नाही, कारण नंतर कुणीही काहीही घातलं असं म्हणता येतं. मग अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. फोटो सोबत दिले, पण फोटोत “पाणी दूषित आहे” असं कुठेही लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच: एका खोक्यात तीन तारखा, दोन मानांवर चीर, दोन तारखा पुसलेल्या. जे दिसतं तेवढंच. पाणी कसं आहे हे प्रयोगशाळा सांगेल. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे फी भरून ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो.

आणि ग्रुपवर छोट्या प्लांटवाल्याबद्दलचा मेसेज ज्याने टाकला होता, त्याला फोन केला. “दादा, मेसेज काढ, आणि खाली लिही की नंबर तपासला, जुळला.” त्याने काढला. पण तोवर तो तीन गावांत पोचला होता. त्या पोराकडे दिवसाला पन्नास-साठ खोकी जातात, त्यावर घर चालतं. आपण एका तिरक्या लेबलवर त्याचा धंदा बसवायला निघालो होतो, आणि ब्लेडची चीर असलेलं पाणी लग्नात वाढत होतो.

शेवटचं एक, आणि हे फोटोशिवायचं. पिऊन झालेली बाटली फेकण्याआधी मुरगळा, चेपा. रेल्वे स्टेशनवर चेपायला सांगतात ते याच कारणासाठी. चेपलेल्या बाटलीवर कितीही नवं झाकण बसवलं तरी ती खोक्यात परत जात नाही. लग्नात तर कुणीतरी एकाने मांडवाच्या मागे उभं राहून हेच काम करावं.

पुढच्या भागात वीस लिटरच्या थंड पाण्याच्या कॅनबद्दल बोलू. त्याला सील असतं का, आणि कायदा त्याला काय म्हणतो. तुमच्या गावातले फोटो पाठवा, पण जवळून काढलेले आणि डॉक्युमेंट म्हणून. भेटू.